सत्तर शब्दांतला नट

महोत्सवाच्या माहितीपुस्तिकेत नटाच्या परिचयाला साधारण सत्तर शब्द मिळतात. फोटो छोटा केला तर ऐंशी. पुस्तिका हातात पडते ती दारात, पास दाखवून आत शिरताना. खुर्ची सापडली, शेजारच्याला नमस्कार झाला, फोन सायलेंटवर टाकला की दिवे जाईपर्यंत जी दोनतीन मिनिटं उरतात, तेवढाच वेळ हा मजकूर वाचला जातो. पुढे ती पुस्तिका घरी जाते, कपाटात पडते आणि काही वर्षांनी एखादा अभ्यासक तिच्यातूनच सन-सनावळ्या उचलतो. म्हणजे वाचक दोन. एकाला आत्ता, या खेळापुरतं काहीतरी हवं असतं, दुसऱ्याला बिनचूक नोंद हवी असते. मी गेली काही वर्षं असे परिचय लिहितो आणि माझी सगळी ओढाताण या दोघांमध्ये चाललेली असते.

मागे एका महोत्सवात जुन्या मराठी चित्रपटांचा विभाग होता आणि त्यात 'सामना' होता. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांचं लेखन. आयोजकांना समोरासमोरच्या पानांवर दोन परिचय हवे होते, निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू. प्रत्येकी सत्तर शब्द. मला वाटलं, दोघेही इतके माहितीतले, एका बैठकीत होऊन जाईल. प्रत्यक्षात या जोडीइतकं अवघड काम मला क्वचितच आलं असेल, आणि नटाच्या परिचयात भूमिका, तालीम आणि कसब यांचा तोल म्हणजे काय हे मला या जोडीतच नीट उमगलं. म्हणून तेच सांगतो.

आयोजकांनी सोय म्हणून आधीच्या कुठल्याशा कार्यक्रमातला निळूभाऊंवरचा मजकूर पाठवला होता. त्याचा सूर साधारण असा : 'मराठी रंगभूमी आणि चित्रपटसृष्टीतील चतुरस्र अभिनेते म्हणून निळू फुले यांचे नाव आदराने घेतले जाते. प्रतिकूल परिस्थितीतून वाटचाल करत त्यांनी शेकडो भूमिकांमधून आपल्या सहजसुंदर अभिनयाचा ठसा उमटवला. त्यांनी साकारलेला खलनायक घराघरांत पोहोचला. अनेक मानाच्या पुरस्कारांनी त्यांना गौरवण्यात आले.'

असा मजकूर आला की मी नाव बोटाने झाकतो आणि मोठ्याने वाचतो. वरच्या चार वाक्यांवर दादा कोंडके, अशोक सराफ, सदाशिव अमरापूरकर, कुणाचंही नाव ठेवा. एखादा शब्द बदलावा लागेल, बाकी सगळं जसंच्या तसं चालून जाईल. या मजकुरात खोटं काहीच नाही, आणि तरी निळू फुले त्यात कुठेही नाहीत. 'चतुरस्र' म्हटलं पण चार दिशा कुठल्या ते नाही. 'प्रतिकूल परिस्थिती' म्हटलं पण परिस्थिती काय होती ते नाही. विशेषण लिहिणाऱ्याने काढलेला निष्कर्ष असतो, आणि तो ज्या गोष्टींवरून काढला त्या गोष्टी बाहेरच राहून गेल्या आहेत.

मग त्या गोष्टी गोळा करायला बसलो. निळूभाऊंचा जन्म १९३०चा, मृत्यू २००९चा. पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत त्यांनी माळी म्हणून काम केलं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते वाढले. तिथून वगनाट्यात आले. 'कथा अकलेच्या कांद्याची' हा वग गाजला आणि १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तून ते पडद्यावर आले. १९७२ साली 'सखाराम बाइंडर', मग 'सामना', १९७९ साली 'सिंहासन'.

लागूंचं दुसऱ्या टोकाचं. जन्म १९२७चा, मृत्यू २०१९चा. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर, पुढे कान-नाक-घशाचे सर्जन. शिकत असल्यापासून नाटक. पुण्यात भालबा केळकरांबरोबर पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, मुंबईत 'रंगायन'. डॉक्टरकी सांभाळत बरीच वर्षं हौशी रंगभूमी, आणि १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, 'इथे ओशाळला मृत्यू'पासून पूर्ण वेळ नट.

एक जण मेडिकल कॉलेजच्या बागेत, दुसरा मेडिकल कॉलेजच्या वर्गात, आणि 'सामना'त माळी झाला साखरसम्राट हिंदुराव, सर्जन झाला गावोगाव भटकणारा दारुडा मास्तर. हे हाती लागल्यावर कुणाही लिहिणाऱ्याला मोह होईलच. मलाही झाला, आणि मी ते वाक्य लिहूनही पाहिलं. वाक्य टाळी घेणारं होतं, पण त्यात दोघांच्याही अभिनयाबद्दल काहीच नव्हतं. बागेत काम केल्यामुळे हिंदुराव उभा राहिला असं म्हणता येत नाही. उलट वाचकाचं लक्ष त्या योगायोगावर अडकतं आणि तो सिनेमाभर 'हा माळी होता' हेच पाहत बसतो. माळीकामाची नोंद राहिली पाहिजे, कारण ती खरी आहे आणि पोटापाण्याचं काम करत नट कसा घडतो याची ती नोंद आहे. पण अर्ध्या वाक्यात, आणि विरोधाची फोडणी न घालता.

आता तालीम. शिक्षण म्हणा, घडण म्हणा. आपल्याकडच्या परिचयांत या रकान्याची एक ठरलेली सवय आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी, एफटीआयआय, यांपैकी एखादं नाव असलं की ते दुसऱ्या वाक्यात येतं. नसलं की तिथे 'अभिनयाचे कोणतेही औपचारिक शिक्षण न घेता' असं लिहिलं जातं आणि ते कौतुक म्हणून लिहिलं जातं. मला हे वाक्य दोन्ही बाजूंनी अन्यायाचं वाटतं. शाळेत गेलेल्याची तीन वर्षं एका नावात गुंडाळली जातात, तिथे तो काय शिकला ते कळत नाही. आणि शाळेत न गेलेला जणू आभाळातून पडला असं होतं.

निळूभाऊंच्या बाबतीत तर हे सरळसरळ चुकीचं आहे. सेवा दलाचं कलापथक ही त्या काळातली कसून तयारी करून घेणारी शाळाच होती. उघड्या मैदानात प्रयोग, समोर तिकीट न काढता आलेला आणि म्हणून कधीही उठून जाऊ शकणारा प्रेक्षक, आणि विषय राजकारणाचा, म्हणजे आदल्या दिवशी घडलेलं दुसऱ्या दिवशी प्रयोगात यायला हवं. त्यानंतर वग. वगाला कथानकाचा सांगाडा असतो, पण बतावणीत आणि सवाल-जवाबात नटाला जागेवर बोलावं लागतं. समोरच्याने नवीन काही टाकलं तर ते झेलून परत करावं लागतं. झेलायचं तर आधी ऐकावं लागतं. पुण्या-मुंबईच्या बंदिस्त नाट्यगृहात पाठ केलेली वाक्यं बोलणाऱ्या नटाला हे शिक्षण सहसा मिळत नाही.

पण हे सगळं सत्तर शब्दांत घालायचं कसं? इथे मी एक नियम पाळतो. घडणीची जागा नावानिशी आणि क्रमाने लिहायची, आणि 'त्यामुळे' हा शब्द वापरायचा नाही. 'कलापथकातून वगनाट्यात, तिथून चित्रपटात' एवढं लिहिलं की ज्याला कलापथक माहीत आहे त्याला उरलेलं कळतं, ज्याला माहीत नाही तो निदान विचारतो. 'त्यामुळे त्यांच्या अभिनयात सहजता आली' असं लिहिलं की मी मला माहीत नसलेली गोष्ट छातीठोकपणे सांगू लागतो. लागूंच्या बाबतीत तर हा खड्डा आणखी खोल. कान-नाक-घशाचा सर्जन आणि आवाजावर असा ताबा. शिवाय पुढे त्यांनी 'वाचिक अभिनय' नावाचं पुस्तकही लिहिलं. धागा जोडायला कुणालाही हात शिवशिवतील. पण घसा तपासणाऱ्या सगळ्याच डॉक्टरांना पॉज घेता येत नाहीत. तो ताबा पीडीएच्या आणि रंगायनच्या तालमींत, वर्षानुवर्षांच्या कामातून आला असणार असं मला वाटतं. परिचयात मात्र तेही लिहायचं नाही. व्यवसाय लिहायचा, संस्था लिहायच्या, पुस्तकाचं नाव लिहायचं, आणि धागा वाचकाला जोडू द्यायचा.

भूमिकांची यादी हा सगळ्यांत सोपा भाग समजला जातो आणि तिथेच सगळ्यांत जास्त शब्द वाया जातात. हयात नटांकडून येणारे परिचय पाहिले तर सत्तर टक्के जागा नावांनीच भरलेली असते, स्वल्पविराम, नाव, स्वल्पविराम, नाव. दहावं नाव वाचेपर्यंत पहिलं विसरलेलं असतं. त्याच्या जोडीला संख्या. अमुक इतके चित्रपट, तमुक इतके प्रयोग. जुन्या नटांच्या बाबतीत हे आकडे एका लेखात एक आणि दुसऱ्या लेखात भलतेच सापडतात. प्रयोगांचा आकडा जाहिरातीत वाढत जातो, चित्रपटांच्या आकड्यात पाहुणी भूमिकाही मोजली जाते. मी ते आकडे सरळ काढतो. निळूभाऊंनी दोनशे चित्रपट केले की अडीचशे, याने 'सामना' पाहणाऱ्याला काय फरक पडतो?

मी यादी तीन-चार नावांवर आणतो, पण नावं निवडताना एक प्रश्न विचारतो. आज जो खेळ दाखवला जाणार आहे, त्याच्याशी या भूमिकेचं नातं काय? एक भूमिका अशी हवी की आजची भूमिका तिच्याच कुळातली वाटावी. एक अशी की आजच्या भूमिकेला छेद देईल. असं केलं की यादीची चौकट होते आणि प्रेक्षक त्या चौकटीतून पडद्याकडे बघतो.

लागूंच्या बाबतीत हे आपोआप सापडलं. १९७२च्या 'पिंजरा'त ते मास्तर आहेत, आदर्शवादी, गावाने देव मानलेले, आणि तमाशातल्या बाईच्या पायी घसरत जाणारे. दोनेक वर्षांनी 'सामना'त पुन्हा मास्तर. पण इथे घसरण आधीच होऊन गेलेली आहे. माणूस दारूच्या तळाशी आहे आणि तिथून वर येत एक प्रश्न विचारायला लागतो. एकच नट, तोच पेशा, आणि प्रवास उलट दिशेचा. परिचयात हे दोन चित्रपट शेजारी ठेवले की झालं. त्यावर 'वैविध्यपूर्ण' हे विशेषण चिकटवायची गरज राहत नाही.

निळूभाऊंच्या बाबतीत अडचण वेगळी होती. त्यांची एक ओळख इतकी मोठी झाली आहे की तिच्याखाली बाकीचं दबून जातं. धोतर, टोपी, तो खर्जातला घोगरा आवाज आणि वाड्यावरचं ते एक वाक्य, जे आज त्यांचा एकही चित्रपट न पाहिलेली मुलंही नक्कल करून म्हणतात. आयोजकांपैकी एकाला ते वाक्य परिचयाच्या शीर्षकातच हवं होतं. 'लोक त्यानेच ओळखतात हो,' त्याचं म्हणणं. खरंच आहे, लोक ओळखतात. पण ते वाक्य वाचून आत गेलेला माणूस हिंदुरावांच्या पहिल्याच दृश्याला हसायला तयार बसतो. 'सामना'तला हिंदुराव हा सहकाराच्या जोरावर अख्खा तालुका मुठीत ठेवणारा माणूस आहे, हसरा, आदरातिथ्य करणारा, बहुतेक वेळ आवाज खाली ठेवणारा. त्याची भीती वाटायला थोडा वेळ लागतो आणि तो वेळच त्या भूमिकेचा प्राण आहे. परिचयाने तो वेळ खाऊन टाकता कामा नये.

तरी ती ओळख लपवायचीही नव्हती. म्हणून मी ती एका वाक्यात मान्य करून पुढे गेलो, पाटील-सावकार-सरपंच ही माणसं त्यांनी पुष्कळदा केली असं म्हटलं आणि लगेच छेद देणारी भूमिका घेतली, 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस. तिथे सत्ता दुसऱ्यांच्या हातात आहे, आणि हा माणूस सगळीकडे असतो, सगळं बघतो. ज्याने पडद्यावर इतकी वर्षं हुकूम सोडले, त्याला इथे नुसतं बघायचं आहे. गंमत म्हणजे 'सिंहासन'मध्ये लागूही आहेत, मंत्री विश्वासराव दाभाडे. म्हणजे सत्तेची खुर्ची या वेळी लागूंकडे. दोन्ही परिचयांत 'सिंहासन' घातलं असतं तर समोरासमोरच्या पानांवर छान जुळणी झाली असती. पण लागूंच्या परिचयात मी ते घेतलं नाही. नाटकं फार होती.

आता राहिलं कसब. परिचयातला हा सगळ्यांत अवघड भाग, आणि बहुतेक परिचय इथे 'सहजसुंदर', 'संयत', 'ताकदीचा' यांपैकी एक शब्द टाकून मोकळे होतात. मला लागलेली एक युक्ती अशी की कसब सांगायचं असेल तेव्हा दोन तारखा शेजारी ठेवाव्यात. लागूंचा जन्म नोव्हेंबर १९२७चा, 'नटसम्राट' रंगमंचावर आलं डिसेंबर १९७०मध्ये. म्हणजे निवृत्त, थकलेला, घराबाहेर पडलेला गणपतराव बेलवलकर उभा करताना नट त्रेचाळीस वर्षांचा होता, आणि पूर्ण वेळ नट होऊन त्याला जेमतेम एक-दीड वर्ष झालं होतं. 'वयाच्या ४३व्या वर्षी' हे तीन शब्द लिहिले की वाचक स्वतःच थबकतो. त्याच्या डोक्यात जो प्रश्न उमटतो, हे कसं केलं असेल, तो कसबाविषयीचाच प्रश्न असतो.

हीच युक्ती रोहिणी हट्टंगडींच्या बाबतीत तर फारच उपयोगाची आहे. त्यांच्याविषयी कुठेही लिहिलेलं पाहा, 'गांधी'मधली कस्तुरबा आणि त्यासाठीचा बाफ्टा पहिल्याच वाक्यात असतो. असायलाही हरकत नाही, तो सन्मान मोठाच आहे. पण एखाद्या महोत्सवात 'सारांश' दाखवत असतील तर मी पहिल्या वाक्यात वेगळं काही लिहीन. जन्म १९५१, चित्रपट १९८४. तरुण मुलगा गमावलेल्या वृद्ध आईची ती भूमिका त्यांनी तिशीच्या सुरुवातीला केली. त्याच्या शेजारी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं शिक्षण ठेवलं की त्या नावाला अर्थ येतो. नुसतं 'एनएसडी पदवीधर' म्हटलं तर तो एक बिल्ला राहतो.

तारखांनी सगळंच भागत नाही. निळूभाऊंच्या बाबतीत तर ही युक्ती चाललीच नाही, कारण त्यांनी हिंदुराव केला तेव्हा त्यांचं वय हिंदुरावाला शोभेल असंच होतं. तिथे मला सिनेमा पुन्हा लावून बसावं लागलं. ज्यांनी 'सामना' पाहिला आहे त्यांना मास्तरचा तो प्रश्न आठवत असेल : मारुती कांबळेचं काय झालं? सिनेमा त्या प्रश्नावर उभा आहे. प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि त्याबद्दल आपण लागूंना दाद देतो, कारण बोलणारे ते. मी उलट ठरवून फक्त ऐकणाऱ्याकडे बघितलं. प्रश्न विचारणाऱ्या नटाला निदान वाक्य असतं. ऐकणाऱ्याला दर वेळी तोच प्रश्न थोडा वेगळा ऐकू आल्यासारखं दाखवायचं असतं, आधी कानाआड टाकण्याजोगा, मग खटकणारा, मग टोचणारा, आणि तरीही चेहऱ्यावरचं यजमानपण सुटू द्यायचं नसतं. लागूंचा मास्तर चढत जातो तो समोर हे ऐकणं आहे म्हणून. हे पाहिल्यावर मला निळूभाऊंच्या कसबाचं वाक्य मिळालं. आणि वर जे वगातल्या झेलण्याबद्दल म्हटलं तेही इथे येऊन बसलं, पण ते, ठरवल्याप्रमाणे, परिचयात लिहिलं नाही.

कसबाचं वाक्य खरं आहे की नुसतंच छान वाटतंय, हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. ते वाचून प्रेक्षकाला सिनेमात काहीतरी शोधता आलं पाहिजे. 'संयत अभिनय' शोधता येत नाही. 'ऐकताना बघा' हे शोधता येतं, आणि शोधून सापडलं नाही तर प्रेक्षक मला खोटं ठरवू शकतो. ज्या वाक्यावरून मी खोटा ठरू शकत नाही, ते वाक्य बहुधा रिकामं असतं.

पुरस्कारांचं पटकन सांगतो. चित्रपटाला मिळालेले सन्मान चित्रपटाच्या पानावर, नटाला मिळालेले नटाच्या पानावर. हे इतकं उघड असूनही सगळीकडे सरमिसळ असते. 'सामना'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो बर्लिनच्या महोत्सवातही स्पर्धेत होता. दोन्ही गोष्टी चित्रपटाच्या पानावर गेल्या. इथेच सालाचा घोळही निस्तरावा लागतो. 'सामना' कुठे १९७४चा म्हणून नोंदलेला दिसतो, कुठे १९७५चा. राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वर्षाप्रमाणे मोजतात, त्यामुळे तो १९७४च्या यादीत आहे. बर्लिन १९७५चं. पुस्तिकेत एका पानावर एक साल आणि दुसऱ्या पानावर दुसरं आलं की त्या भविष्यातल्या अभ्यासकाची पंचाईत. म्हणून सबंध पुस्तिकेला एकच पद्धत ठरवून घ्यायची, प्रमाणपत्राचं वर्ष किंवा प्रदर्शनाचं, आणि ती पहिल्या पानावर छापायची. आम्ही प्रमाणपत्राचं घेतलं.

एका गोष्टीवर मात्र बरीच चर्चा झाली. दोघंही सामाजिक कामात खोलवर होते. कार्यकर्त्यांसाठीचा सामाजिक कृतज्ञता निधी, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम, निधीसाठी केलेले 'लग्नाची बेडी'चे प्रयोग. आयोजकांपैकी एक जुने कार्यकर्ते होते, त्यांना हे दोन-तीन वाक्यांत यावं असं मनापासून वाटत होतं. त्यांचा आदर राखूनही मी अडून बसलो. नटाच्या परिचयात माणूस म्हणून तो किती मोठा होता हे शिरलं की ते अभिनयाची जागा खातं, आणि वाचकही मग अभिनयाकडे आदराने बघतो, बारकाईने बघत नाही. निळूभाऊंच्या परिचयात सेवा दल आलंच होतं, कारण तिथेच ते नट झाले. लागूंच्या परिचयात 'लमाण' या आत्मचरित्राचं नाव होतं, ज्याला हवं तो तिकडे जाईल. त्या कार्यकर्त्यांना हे पूर्ण पटलं नाही. शेवटी निधीची ओळ विभागाच्या प्रस्तावनेत गेली, आणि ती तिथे शोभली.

मग छापून गेलं ते असं.

'निळू फुले (१९३०–२००९) : पुण्यात माळी म्हणून नोकरी करत राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात, तिथून वगनाट्यात. "कथा अकलेच्या कांद्याची"ने नाव झालं, १९६८च्या "एक गाव बारा भानगडी"ने चित्रपट मिळाले. पाटील, सावकार, सरपंच त्यांनी पुष्कळदा केले. "सामना"तले हिंदुराव त्याच कुळातले, पण आवाज खाली ठेवणारे : मास्तर प्रश्न विचारतात तेव्हा हिंदुराव ऐकतात कसे, ते पाहण्यासारखं आहे. रंगभूमीवर "सखाराम बाइंडर"मधला सखाराम (१९७२). "सिंहासन"मध्ये (१९७९) सगळं बघत फिरणारा पत्रकार दिगू टिपणीस. संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९९१.'

'डॉ. श्रीराम लागू (१९२७–२०१९) : कान-नाक-घशाचे सर्जन. वैद्यकीय शिक्षणापासून नाटकात. पुण्यात पीडीए, मुंबईत रंगायन. डॉक्टरकी करत "वेड्याचं घर उन्हात"सारखी नाटकं केली. १९६९मध्ये "इथे ओशाळला मृत्यू"पासून पूर्ण वेळ नट. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४३व्या वर्षी, "नटसम्राट"मधले वृद्ध गणपतराव बेलवलकर. "गिधाडे"चं दिग्दर्शन. "पिंजरा"त (१९७२) घसरत जाणारे मास्तर. "सामना"त तळापासून वर येणारे. सत्तरी ओलांडल्यावर "सूर्य पाहिलेला माणूस"मध्ये सॉक्रेटिस. पुस्तकं : "लमाण", "वाचिक अभिनय".'

भाषा थोडी तुटक वाटेल, बरीच क्रियापदं गाळलेली आहेत. ते मुद्दाम. पूर्ण वाक्यांत लिहिलं तर 'होते', 'केले', 'ठरले' यांत दहा-बारा शब्द जातात आणि तेवढ्यात एक भूमिका मावते. एके ठिकाणी मात्र लांब, पूर्ण वाक्य ठेवलं, ऐकण्याच्या वाक्याला, म्हणजे वाचणाऱ्याची नजर तिथे क्षणभर जास्त रेंगाळावी.

हयात नटांचे परिचय लिहिताना हेच सगळं करावं लागतं, वर त्यांची संमती घ्यावी लागते, आणि तिथे वेगळीच नाटकं होतात. एका नाटकातल्या अभिनेत्रीने स्वतःच्या परिचयात दैनंदिन मालिकेचं नाव घातलं होतं, आयोजकांना ते 'महोत्सवाच्या दर्जाला' खटकत होतं. मी तिच्या बाजूने होतो. बारा-तेरा तासांची शिफ्ट, सेटवर ऐन वेळी हातात पडणारी पानं, तालमीशिवाय एका टेकमध्ये द्यायचं रडणं, हेही नटाचं कामच आहे, आणि तिला ज्या नाटकासाठी बोलावलं होतं त्यातली तिची तत्परता तिथूनच आली असेल कुणास ठाऊक. (इथेही 'त्यामुळे' लिहिलं नाही.) मालिकेचं नाव राहिलं, एका स्वल्पविरामापुरतं.

'सामना'च्या पानांवर शेवटचा वाद क्रमाचा झाला. प्रूफ आलं तेव्हा डाव्या पानावर निळूभाऊ आणि उजव्या पानावर लागू होते. आयोजकांचा फोन : डॉक्टर वयाने मोठे, नटसम्राट, त्यांना आधी घ्यायला नको का? लेआउट करणाऱ्याचं म्हणणं, फोटोत निळूभाऊ उजवीकडे बघतात आणि लागू डावीकडे, तेव्हा आहे तेच बरं, नाहीतर दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतील. मी म्हटलं, वर्णक्रमाने लावा, म्हणजे कुणाला काही बोलायला जागा नको. मग आयोजकांनी फोनवरच मोजायला घेतलं. आडनावाने, प फ ब भ म य र ल, फुले आधी. त्यांनी नावाने मोजून पाहिलं. निळू, श्रीराम. परत निळूभाऊच आधी. 'बरं, राहू द्या,' म्हणाले, आणि पान छपाईला गेलं.